मागीलप्रमाणे

धाकटी माझी सख्खी बहीण, आणि ऑफिसातही माझ्याच टेबलाला लागून. मी चार वर्षं सीनियर, पण साहेबांच्या तोंडी सतत तिच्याच नोंदी. बाबासुद्धा फोनवर आधी विचारतात, "धाकटी काय म्हणतेय?" उद्या मुख्य तपासनीस ठरणार होता. ती की मी. जळते मी तिच्यावर, कशाला खोटं बोलू!

आज वाचनालयाच्या वरच्या गॅलरीच्या काचेच्या कठड्याची वार्षिक तपासणी माझ्याकडे होती. हातात तिची तीन वर्षांपूर्वीची सुरक्षा नोंद. काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, दोन थर मधल्या पडद्याने चिकटवलेले. तळाच्या धातूच्या खाचेत पाचरी मारून बसवलेली. गर्दीचा आडवा दाब आणि माणूस आदळल्याचा धक्का, दोन्हींत पास. वर धरायला दांडी नाही, पण फुटली तरी थर चिकटून राहतात, माणूस खाली जात नाही, म्हणून मान्य. दरवर्षी प्रत्येक काच पाहावी. सगळं कसं चोख, मेलं!

नऊ काचा. प्रत्येक हलवून पाहिली, पाचरी दाबल्या, कडेला टॉर्च लावला. सातव्या काचेच्या कडेला दोन थरांमधली रेघच नव्हती. एकच थर! ही फुटली की खड्यांसारखा चुरा होणार आणि गॅलरीच्या कडेला नुसती मोकळी जागा उरणार. रोज तिथे माणसं पुस्तक चाळत रेलतात.

भीती वाटायला हवी होती. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडली बाई एकदाची!

"काका, ही काच अशीच होती ना पहिल्यापासून?" मी देखभालवाल्या काकांना विचारलं.

"छे हो! दोन वर्षं झाली. कपाट नेताना जुनी फुटली. लगेच मिळाली ती बसवली."

म्हणजे धाकटीच्या नोंदीनंतर. मग गेल्या वर्षीच्या तपासणीत का नाही दिसली? मी फाइल उघडली. सातवी काच: मागीलप्रमाणे. अक्षर माझं. सहीही माझीच.

आठवलं. तिच्या नोंदीत काय चूक निघणार, म्हणून मी काच न बघता खुणा करत सुटले होते.

काकांना सांगून गॅलरी बंद करवली, दोरी बांधली. तेवढ्यात धाकटीचा फोन.

"ताई, आटपलं का गं? उद्या तुझंच नाव येणार बघ. मी साहेबांना सांगितलंय, ताईची नजर माझ्याहून पक्की आहे."

"ठेव फोन," मी म्हणाले.

खाली बसून अहवाल लिहिला. सातवी काच एकेरी, तात्काळ बदलावी. गेल्या वर्षीची तपासणी प्रत्यक्ष न पाहता केलेली. त्या तपासणीचा तपासनीस म्हणून माझं नाव घालायचं होतं. पेन कितीतरी वेळ तिथेच अडलं. तिचं नाव असतं, तर मी ते एका दमात लिहिलं असतं.