डाव्या पायाचा जोर

माझ्या नवऱ्याला जेवताना माझ्या पेशंटच्या गोष्टी ऐकायला फार आवडायच्या. मी फिजिओथेरपिस्ट. बारामतीत भिगवण रोडला माझं छोटं क्लिनिक आहे. इंद्रजित निमगाव केतकीजवळच्या मैदानावर धावपटूंना शिकवतो. पोरं त्याची, मोडली की दुरुस्तीला माझ्याकडे. लोक कौतुकानं म्हणायचे, काय जोडी आहे! मलाही ते खरं वाटायचं.

त्याचा हुकमी पोरगा शिवम. कळसचा, शंभर मीटरवाला. दिवाळीची सुट्टी संपवून आला आणि इंद्रजितनं पहिल्याच दिवशी त्याला पुन्हा पुन्हा पूर्ण वेगानं पळवलं. सुट्टीत सुस्तावलेला पाय, वर थकवा. शेवटच्या धावेत पाऊल जमिनीला टेकायच्या आधी पाय पुढं फेकला गेला आणि मांडीच्या मागं काहीतरी तुटल्यासारखं झालं. उजवी मांडी धरून तो ट्रॅकवरच बसला. हॅमस्ट्रिंग. वेगात पळणाऱ्यांचा हा स्नायू नेमका त्याच क्षणी फाटतो, कारण तेव्हा तो ताणलेलाही असतो आणि पाय आवरायला जोरही लावत असतो.

इंद्रजितचा फोन आला तोवर मैदानावरच्या कुणीतरी तेल लावून मांडी रगडायची तयारी केली होती. मी फोनवरच ओरडले, "हात लावायचा नाही कुणी! बर्फ आणि पट्टी, बस्स."

त्याची आई साखरबाई पानमळ्यातून थेट क्लिनिकमध्ये आल्या. पदराला चिखल तसाच. "ताई, राज्याच्या स्पर्धेला पळंल का? तितं पहिल्या तिघांत आला की पुण्याच्या शिबिरात घेणार हायत त्याला."

"पळेल," मी म्हणाले, "पण मी म्हणेन तेव्हा."

सगळं रीतसर चाललं. आधी न लंगडता चालणं. मग पाठीवर झोपून कंबर उचलणं, हलकी दौड. मग गुडघ्यावर बसायचं, मागून कुणीतरी घोटे धरायचे आणि पुढं सावकाश झुकत जायचं. या व्यायामाला पोरं शिव्या घालतात, पण ताणलेल्या स्नायूला जोर लावायला तोच शिकवतो. घोटे इंद्रजित धरायचा. मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं! एवढा मोठा कोच, पोराचे पाय धरून मातीत बसतो.

दुखणं आधी जातं, ताकद सगळ्यात शेवटी परत येते. सगळे फसतात ते इथंच. म्हणून मी पोराला पालथं झोपवते, टाचेवर जोर मोजायचं यंत्र धरते आणि म्हणते, ढकल. आधी चांगला पाय, मग दुखरा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक असला की मी सोडत नाही. त्यावर मैदानात तीन वेगवेगळ्या दिवशी पूर्ण वेगाच्या धावा. मांडी किंचित जरी धरली, तरी एक पायरी मागं.

हे सगळं मी इंद्रजितला भाकरी वाढता वाढता सांगितलं होतं. एकदा नाही, चारदा. तोच खोदून खोदून विचारायचा.

"म्हंजे डाव्याशी उजवा ताडून बघतीस तू?"

"हो. दुसरं माप कुठून आणणार?"

स्पर्धेच्या आधी शिवमला तपासलं. मांडी दाबली, दुखत नव्हती. पाय झटक्यात वर उचलायला लावला, चेहरा शांत. जोर मोजला. पहिल्यांदाच मोजत होते; दोन्ही पाय जवळजवळ सारखे. मी खूश! इंद्रजितनं मैदानावरून फोन केला, "तिन्ही दिवस फुल पळला. काय बी झालं न्हाय." तो फिट असल्याच्या पत्रावर मी सही केली. साखरबाईंनी पानांची चवड आणि पेरू दिले.

पुण्यात उपांत्य फेरीत साठ मीटरच्या आसपास शिवम उडी मारल्यासारखा उसळला आणि एका पायावर लंगडत थांबला. मी गॅलरीत होते. त्याचा हात उजव्या मांडीमागं गेलेला पाहिला आणि मी जिन्याकडे धावले.

खाली पोचले तेव्हा साखरबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. इंद्रजित त्यांना समजावत होता, "आपण काय करणार मावशी? डॉक्टरबाईंनीच फिट हाय म्हणून लिहून दिलं होतं."

डॉक्टरबाई! घरात मी राजी.

साखरबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमी सोडला म्हणून पळला त्यो." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

एमआरआयमध्ये दिसलं की या वेळी फाट स्नायूच्या आतल्या कंडरेपर्यंत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीपर्यंत, गेली होती. सगळा हंगाम गेला, शिबिरही गेलं. मी रात्रंदिवस स्वतःलाच खात होते. कुठं चुकले? काय बघायचं राहिलं?

पुढच्या आठवड्यात शिवम क्लिनिकमध्ये आला. उजव्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. नवीन सुरुवात म्हणून फक्त डाव्याचा जोर मोजला. आकडा बघून मला वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा मोजला. मागच्यापेक्षा जोर कितीतरी जास्त. घरी बसून कुणाचा पाय असा वाढत नाही.

"शिवम, मागच्या वेळी डावा पाय पूर्ण ढकलला होतास?"

तो पालथाच होता. उशीत तोंड घालून रडायला लागला.

"सरांनी सांगितलं, डाव्यानं कमी ढकल. दोनी सारखं आलं की ताई सोडतील."

"आणि फुल धावा?"

"एकच पळलो. ती बी मधीच सोडली. मांडी वढत हुती. सर म्हणलं, ताईला मी सांगतो."

मी त्याला रागावू शकले नाही. एकोणीस वर्षांचं पोर. ज्याच्या हातात आपले घोटे दिले, त्याचं ऐकणारच. पण हा डाव त्याच्या डोक्यातला नव्हता. तो इंद्रजित माझ्या ताटाशेजारी बसून शिकला होता. माझी युक्ती, माझेच शब्द, माझ्याच घरातून चोरलेले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि संतापाच्या खाली नुसतं रडू होतं.

घरी इंद्रजितनं काही नाकबूल केलं नाही.

"आज ना उद्या सोडणारच हुतीस की तू. स्पर्धा काय थांबती व्हय आपल्यासाठी?"

"त्याचा पाय फाटला!"

"मी काय मुद्दाम फाडला? तपासलंस तू. सही तुझी हाय."

दुसऱ्या दिवशी मी कळसला गेले. पानमळ्याच्या बांधावर बसून साखरबाईंना सगळं सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. त्या हातातली पानं लावत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्यासंगं बी असंच केलं म्हणा की त्येनी." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मला रडू आवरलं नाही.

शिवम आता बारामतीतच माझ्या देखरेखीखाली व्यायाम करतो. घोटे मी धरते. या महिन्यात हलक्या दौडीला लागलाय. जोर मोजताना आधी मान वळवून सांगतो, "ताई, ह्यो खरा हाय." मी मान हलवते. तरी प्रत्येक पेशंटच्या चांगल्या पायाकडे मी आता संशयानं बघते. ती खोड मला इंद्रजितनं लावली.

काल जेवताना त्यानं भाकरी मोडत सहज विचारलं, "शिवमचं कसं चाललंय? कितपत आला जोर?"

मी आमटी वाढली.

"अगं, इचारतोय मी."

"ते पेशंटचं आहे. सांगता येत नाही."

तो हसला. "नवऱ्याला बी न्हाय?"

"तुम्हालाच नाही," मी म्हणाले, आणि माझं ताट उचलून आत गेले.