बाबांच्या हाताचा व्हिडिओ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांचा व्हिडिओ दादाने मोबाइलवर काढला होता, आणि सगळं चित्र हलत होतं. एडिटिंग करणारी धाकटी त्याच्यावर उखडलीच. पंख्याची घरघर एका बटणाने गेली. चिमट्याची टकटक मात्र तिला एकेक निवडून पुसावी लागली. चित्र आपोआप स्थिर केलं, तर बाबांचा हात थांबला आणि टेबलच थरथरायला लागलं. पडदाभर हातच होता, म्हणून प्रोग्रामने त्यालाच स्थिर मानलं होतं. चरफडत तिने टेबलाच्या कडेवर स्वतः खुणा लावल्या. टेबल थांबलं. हात थरथरतच राहिला.

तिला पुसलेली टकटक आठवली.

मागे उभे असलेले बाबा म्हणाले, "आधीचंच ठेव. टेबल हललं तरी चालेल."