तिसऱ्या गटातलं पाणी

संस्थेत तिला सगळे लोंबी म्हणायचे. उंच, किडकिडीत, आणि चालताना मान किंचित खाली, भरलेल्या कणसासारखी. नाव ठेवलं होतं मामांनी. मामा म्हणजे चाचणीशेडचे राखणदार. वीस वर्षं त्यांनी भाताची रोपं वाढवली होती, पण त्या रोपांवरचा एकही कागद त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. म्हणून त्या दिवशी दुपारी ते लोंबीच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, आज तुमचा अर्ज जाणार म्हणे. त्यात आपल्या भाताबद्दल काय लिहिलंय, जरा सांगा की."

अर्ज पाचच्या आत पाठवायचा होता आणि सव्वादोन वाजले होते. अनुदान छोटंसंच, पण लोंबीची नोकरी त्याच्यावर अडकलेली. सगळा अर्ज तयार होता. उरला होता फक्त उद्दिष्टांचा परिच्छेद. परीक्षक पहिला तोच वाचतात आणि बरेचदा तेवढाच वाचतात, असं प्रकल्पाचे प्रमुख असलेले सर म्हणायचे. लोंबीने तो अकरा वेळा लिहिला होता.

"बसा मामा," ती म्हणाली आणि सोप्या शब्दांत सांगू लागली. "गावोगावहून गोळा केलेल्या भाताच्या छत्तीस जुन्या वाणांच्या कुंड्या आपण तीन गटांत लावल्या, प्रत्येक गटात सगळे वाण, आणि त्यांचं पाणी एकवीस दिवस तोडलं. त्यातले नऊ वाण पुन्हा पाणी दिल्यावर सावरले. आता दोन कामं करायची आहेत. पहिलं, हे नऊ तगलेले आणि नऊ न तगलेले अशा अठरा वाणांचा सगळा जनुकसंच वाचायचा. दुसरं, दुष्काळ सोसण्याशी जनुकसंचातल्या ज्या जागांचा संबंध आधीच माहीत आहे, त्या जागांवर तगलेल्या आणि न तगलेल्या वाणांत काय फरक आहेत ते शोधायचं."

"सगळीकडे नाही शोधायचं?"

"एवढ्या थोड्या वाणांत सगळीकडे शोधलं तर योगायोगच जास्त सापडतील. म्हणून माहितीतल्या जागा."

मामांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "नऊ म्हणजे तिन्ही गट धरून?"

लोंबीचा हात कळफलकावर थांबला. "हो. तिन्ही गटांची सरासरी."

मामांचा चेहरा असा उजळला की तिला पाहवेना. "म्हणजे तिसरा गट वाया नाही गेला! देवा रे! ताई, तीन महिने घास गोड लागला नाही बघा. वाटायचं, माझ्या एका नळापायी तुमची सगळी मेहनत मातीत गेली. बायको म्हणायची, किती दिवस तोंड पाडून बसणार?" त्यांनी डोळे पुसले. "आता तिला सांगतो, कागदावर आलंय म्हणून."

ते गेले, आणि लोंबी पडद्याकडे बघत बसली.

झालं होतं असं. पाणी तोडलेल्या दिवसांतला एक रविवार. फोटो काढायला ती शेडमध्ये गेली होती. घरी कुणी नव्हतं, म्हणून चार वर्षांची लेक बरोबर. पोरीने मातीत हात घातले. लोंबीने भिंतीकडच्या नळावर ते धुतले आणि रडणारं पोर कडेवर घेऊन निघाली. सोमवारी सकाळी मामांना दिसलं की नळ गळतोय, पाणी सिमेंटच्या जमिनीवरून तिसऱ्या गटाच्या कुंड्यांखाली पसरलंय. कुंड्यांना बुडाशी भोकं. त्यांनी रात्रभर पाणी शोषलेलं. मातीतला ओलावा मोजला तर पहिल्या दोन गटांत अकरा टक्के आणि तिसऱ्यात तेवीस. मामांनी आकडे वहीत जसेच्या तसे लिहिले आणि कपाळाला हात लावला. "शनिवारी मीच नळ वापरला होता. माझ्याच हातून राहिला."

लोंबी शेजारीच उभी होती. तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण सर समोर होते, करार संपत आला होता, आणि तिने गप्प बसणं पसंत केलं. त्याच आठवड्यात सरांनी शेडची किल्ली मामांकडून काढून एका नव्या माणसाकडे दिली.

नंतर हिशेब करताना तिच्या लक्षात आलं, की तिसरा गट वगळला तर सावरलेले वाण नऊ नव्हे, चारच उरतात. चारांवर अर्ज उभा राहत नव्हता. तिने सरासरीत तिन्ही गट घेतले आणि ओलाव्याचा रकाना जोडपत्रात दिलाच नाही. सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "थोडीशी ओल होती, फार फरक नाही पडला." स्वतःलाही तिने तेच पटवलं होतं. पटतही होतं, आज दुपारपर्यंत.

आता मात्र मामा घरी जाऊन बायकोला तिचं खोटं आनंदाने सांगणार होते.

तीन वाजता ती शेडमध्ये गेली. मामा कुंड्या रचत होते.

"मामा, नळ मी सोडला होता."

"कुठला नळ?"

"तोच. रविवारी. लेकीचे हात धुतले आणि नीट बंद नाही केला. मला सोमवारीच कळलं होतं. आणि तिसरा गट खरंच वाया गेलाय. मी कागदावर चुकीचं लिहिलंय."

मामांनी हातातली कुंडी खाली ठेवली. मग म्हणाले, "सोमवारी मी तुमच्याच तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, ताई रागावल्या नाहीत, किती मोठं मन." ते पुन्हा कुंड्यांकडे वळले. "जा मॅडम. तुमचे पाच वाजतील."

ताई नाही, मॅडम. शिवी दिली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. "हे आज सांगतेस? छोट्या अनुदानात पाया पुन्हा घालायला कोण पैसे देतं?"

"कुणी देणार नाही कदाचित, सर. पण नऊ लिहून मी सही नाही करू शकत."

"आणि त्या माणसाची किल्ली मी काढून घेतली!" सर स्वतःशीच पुटपुटले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "उघड तो परिच्छेद."

दोघांनी तो पुन्हा लिहिला. तिसरा गट पाणी झिरपल्यामुळे वगळला आहे. उरलेल्या दोन गटांत चार वाण सावरले. पहिलं उद्दिष्ट, छत्तीसही वाणांची चाचणी पाच गटांत पुन्हा घेणं आणि दर दोन दिवसांनी ओलावा नोंदवणं. दुसरं, त्यातून सर्वांत तगडे सहा आणि सर्वांत नाजूक सहा निवडून त्यांचाच जनुकसंच वाचणं. अठराचे बारा झाले, कारण वाचलेला पैसा चाचणीला लागणार होता. ओलाव्याचा रकाना जोडपत्रात गेला. पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

अडीच महिन्यांनी नकार आला. परीक्षकाने लिहिलं होतं, 'प्राथमिक पुरावा अपुरा आहे. पुनर्चाचणीनंतर पुन्हा अर्ज करावा.' सरांनी कुठून तरी तिच्या कराराला सहा महिने जोडून दिले. मामांना बोलावून त्यांनी हात जोडले आणि किल्ली पुढे केली. मामा म्हणाले, "राहू द्या साहेब, नव्या माणसाला सवय झालीय."

चाचणी पुन्हा लागली. पाच गट, एकशे ऐंशी कुंड्या. मामा ठरलेल्या वेळी ओलावा मोजत, आकडे सांगत, लोंबी लिहून घेई. कामापलीकडे एक शब्द नाही. एकविसाव्या दिवशी पाणी दिलं, आणि आठवड्याने दोघं कुंड्यांमधून फिरू लागले. आधीच्या चारांपैकी तीन वाण सावरले होते, एक गेला होता. आणि तिसऱ्या गटाबरोबर नऊमधून वगळलेल्या पाचांपैकी एकाने, कुणाचाच भरवसा नसताना, प्रत्येक कुंडीत नवी पाती काढली होती.

"हा खरा आहे," मामा म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "मामा, मी..."

"आकडा लिहा आधी," मामा म्हणाले, आणि पुढच्या कुंडीपाशी जाऊन उभे राहिले.