कारण: घरगुती अडचण

खिडकीपाशी पोचेपर्यंत माझं डोकं ठिकाणावर येईल, अशी आईला आशा होती. ते ठिकाणावर होतं म्हणून तर आम्ही आलो होतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षातून नाव काढून घेण्याचा आणि यंदाची फी परत मागण्याचा, कुलसचिवांच्या नावचा अर्ज माझ्या हातात होता. तो आज शिक्का बसून आवक झाला तर नियमाने निम्मी फी परत. उद्यापासून दमडीही नाही. फी आईने कपडे शिवून भरलेली.

कारकुनाने ग्रंथालयाचा दाखला पाहिला, ओळखपत्र जमा करून घेतलं आणि अर्ज वाचता वाचता तोंड वाकडं केलं.

"‘प्रयोगशाळेला गेलं वर्षभर कुलूप, मुख्य विषयाला शिक्षक नाही.’ असं लिहितात का कुठे? ‘घरगुती अडचणीमुळे’ लिही. सगळे तेच लिहितात. लगेच शिक्का मारतो."

"खोटं का लिहू?"

"खोटं काय त्यात? पद्धत आहे. नाहीतर समिती बसेल, मग बस वाट बघत."

मी पेन उचललंच नाही. आई पुढे सरकली. आता हीच माझ्या हातात पेन कोंबणार, असं मला वाटलं.

"घरगुती अडचण म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

"पैशांची चणचण, आजारपण, घरचे शिकू देत नाहीत... असलं काहीतरी."

झालं! माझ्या आईला काहीही म्हणा, पण हे म्हणू नका.

"कोण शिकू देत नाही? मी? डोळे फोडून शिवते मी हिच्यासाठी. एक हप्ता चुकलाय का, काढा बघू पावत्या! कुलूप तुमचं आणि अडचण आमची?"

आवाज ऐकून कुलसचिव केबिनमधून बाहेर आले.

"बाई, आत या, शांतपणे बोलू."

"इथेच बरं आहे. शिक्का इथे आहे."

"या कारणावर पैसे मिळतीलच असं नाही."

"नाही मिळाले तर का नाही, ते लिहून द्या. अर्ज मात्र आज घ्या."

साहेबांनी कारकुनाकडे पाहून मान हलवली. शिक्का बसला, तारीख पडली. आईने दुसरी प्रत पुढे सरकवली. "आता पोच."

मला तिचा इतका अभिमान वाटला की पैशांचा विसरच पडला. जिना उतरताना ती मध्येच थांबली.

"गेलं वर्षभर कुलूप होतं?"

"हो. दुसऱ्यांच्या वह्यांतून आकडे उतरवून पहिलं वर्ष पास झाले मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"रडले असते," आई म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी इथे आले असते."