उरले किती?

शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले तेव्हा तुळशीची नजर दाराकडे गेली. इतर मुलींना नापास झालं तर छडी होती. तिचा बाप काळूराम मात्र रेवदंड्याच्या शाळेच्या दारात उभा होता. "आज चुकलीस तर उंद्यापासून बोंबील सुकवायला," असं त्यानं सकाळीच बजावलं होतं, आणि काळूरामाचा शब्द म्हणजे शब्द.

दिपोटींनी नेमकं तिलाच उठवलं. "एका दोरीवर अठ्ठेचाळीस बोंबील. अशा सहा दोऱ्या. पस्तीस बोंबील कावळ्यांनी नेले. उरले किती?"

तुकाराम गुरुजींनी वर्षभर घोकवून घेतलं होतं: गणित दोनदा वाच, दिलंय काय नि विचारलंय काय ते बघ, आधी कोणती रीत नि मग कोणती ते ठरव, कर, आणि ताळा घेतल्याशिवाय पाटी खाली ठेवू नकोस. तिनं ठरवलं. आधी सगळे बोंबील, म्हणून गुणाकार: दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग कावळ्यांचे वजा. दोनशे त्रेपन्न.

त्रेपन्न? बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगतात, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. एक नेला की दुसरा खाली पडतो. दोरीवर विषम बोंबील राहतीलच कसे? तिनं घाईघाईनं उत्तर पुसून दोनशे बावन्न लिहिलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. दाराकडे बघायची तिची छाती झाली नाही.

"झालं?" दिपोटी म्हणाले.

"ताळा राहिलाय," ती कशीबशी म्हणाली.

दोनशे बावन्नात पस्तीस मिळवले, दोनशे सत्त्याऐंशी आले. सहानं भागले तर पाच उरले! आता काय? पुन्हा गणित वाच. तिनं ते पुटपुटत म्हटलं. विचारलं होतं उरले किती. दोरीवर किती, असं कुणी विचारलंच नव्हतं. पडलेला बोंबील वाळूत असला तरी उरलेलाच की! तिनं पुसून पुन्हा दोनशे त्रेपन्न लिहिलं. अधिक पस्तीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी. भागिले सहा, अठ्ठेचाळीस. बरोबर.

"आधी बरोबर असताना पुसलंस का?" दिपोटींनी विचारलं.

तिनं खालमानेनं सांगितलं. दिपोटी अलिबागकडचे नव्हेत, घाटावरचे. बोंबील कसे टांगतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते मोठ्यानं हसले आणि 'पास' म्हणाले.

बाहेर काळूरामनं तिची पाटी हातात घेतली. त्याला अक्षर येत नव्हतं, तरी बराच वेळ तो त्या आकड्यांकडे बघत राहिला.

"फायनल परीक्षेला आजून किती वर्गं?"

"दोन," ती घाबरत म्हणाली.

"मंग तुज्या जागी दोरीला दोन वर्सं गडी बघाया होवा," तो म्हणाला, आणि तुळशी तिथंच रडायला लागली.