इंजेक्शननंतरचा खाऊ

आमच्या ह्यांना कुणाचं रडणं सोसत नाही, मग ते माणसाचं असो की कोकराचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या आजाराची, पहिली लस टोचून गेल्या, कोकरं जरा ओरडली, तर ह्यांचा जीव खालीवर. लेक लहान असताना इंजेक्शन झालं की तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे, तसं ह्यांनी कोकरांपुढे घमेलंभर मक्याचा भरडा ओतला. एरवी त्यांना मूठभर मिळायचा. आता लस झालीय, आता कसली भीती, असा हिशोब. त्यातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू, भोपळ्या, नावाला जागला. बाकीच्यांना ढुशा मारून निम्मं घमेलं त्यानंच फस्त केलं.

सकाळी तो मान मागे टाकून पाय झाडत पडला होता. डॉक्टरीणबाई येईपर्यंत संपला.

ह्यांनी त्यांना गोठ्याच्या दारातच अडवलं. सुईनंच माझं कोकरू मारलं, आता दुसरा डोस द्यायचा नाही, म्हणाले. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी भोपळ्याला चिरून आतलं दाखवलं. पोट भरड्यानं गच्च, हृदयाभोवती पाणी, मूत्रपिंड लिबलिबीत. या आजाराचे जंतू आतड्यात थोडे असतातच, त्या सांगत होत्या. एकदम दाणा पडला की तो न पचताच आतड्यात उतरतो, जंतू फोफावतात आणि त्यांचं विष रक्तात भिनतं. जे सगळ्यात जास्त खातं, तेच आधी जातं. आजार दिसल्यावर उपाय फारसा चालत नाही. पहिल्या डोसनं शरीर नुसतं जागं होतं. तीन आठवड्यांनी दुसरा दिला आणि वर दोनेक आठवडे गेले, की खरी राखण. पुढे दरवर्षी एक. तरीही दाणा वाढवायचा तो हळूहळू, आधी वाळला चारा घालून. बाकीच्यांचा भरडा तिथल्या तिथे बंद झाला.

हे भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणजे सुईनं नाही. मीच मारलं."

माझी जीभ तिखट, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मनात चार शब्द तयारही होते. पण त्यांचं तोंड बघून ते गिळले. शेजारी बसले.

"तुम्ही लाड केलेत," मी म्हणाले. "एका डोसनं भागत नाही, हे आपल्याला माहीत नव्हतं. पण दुसरा डोस चुकवलात, तर जे होईल ते माहीत असून होईल."

दुसऱ्या डोसाला त्यांनीच बाईंना बोलावलं. एकेक कोकरू छातीशी धरलं, सुई टोचेपर्यंत कानात काहीतरी पुटपुटत राहिले. काम झालं तशी सगळी त्यांच्याभोवती गोळा झाली, खिशात तोंडं खुपसू लागली. ह्यांनी दोन्ही तळवे उघडे करून पुढे धरले.

"काही नाही रे बाळांनो. आज काही नाही."

कोकरं ते रिकामे तळवेच चाटत राहिली. इतके दिवस कोरडे राहिलेले हे तेव्हा हमसून रडले. मला वाटलं, काही मिळत नाही म्हटल्यावर ती जातील निघून. एकही हललं नाही.