आवाजाला एक गुण

परदेशी खरेदीदाराकडून आलेली या महिन्यातली ही तिसरी प्रश्नावली. पहिलीत एकशे बारा प्रश्न होते, दुसरीत नव्वद. तिसरीत कमी होते, पण सातव्यानेच माझं डोकं उठवलं. तुमच्या धंद्यातले पर्यावरणाचे आणि माणसांचे सर्वांत महत्त्वाचे मुद्दे कोणते, आणि ते तुम्ही कसे ठरवलेत? याला म्हणे मटेरिअ‍ॅलिटी असेसमेंट म्हणतात. आमचा कारखाना एक्केचाळीस माणसांचा, पत्र्याच्या बिजागऱ्या आणि कोयंडे ठोकून परदेशी पाठवणारा. ऑफिसात मी एकटी. बिलं मी, कुरिअर मी, आणि आता पर्यावरणही मीच.

मालकांचं मत सोपं होतं. जे आपल्याला जमतं तेच महत्त्वाचं म्हणून लिहायचं. झाडं लावणं जमतं, एलईडी दिवे जमलेत, तेच वर टाक म्हणाले. मी सांगितलं की हे मोजून ठरवावं लागतं आणि कसं मोजलं त्याचा कागदही जोडायचाय. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, मोज.

मी बावीस मुद्द्यांची यादी केली. वीज, पाणी, तेलकट भंगार, बोटांच्या जखमा, जादा तास, आवाज, असं सगळं. प्रत्येकाने प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण द्यायचे, त्रास जास्त तर गुण जास्त. ज्याची सरासरी तीनच्या वर, तो मुद्दा यादीत. जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या घेऊन फिरले, तर जो तो म्हणतो, ताई, तुम्हीच भरा की काहीतरी. शेवटी एकेकाला विचारून मीच गुण टाकत गेले.

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर सहा जण, त्यांतलेच एक, मुकादम, म्हणजे माझे बाबा. मशिनं बंद होती, सगळं शांत होतं. त्यांना विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का?" तर म्हणाले, "झालं की, आत्ताच जेवलो." सगळे हसले. मीही हसले. शेजारच्याने ओरडून प्रश्न पुन्हा सांगितला, तेव्हा बाबा म्हणाले, कसला आवाज, एक टाक. बाकीच्या पाचांनीही एकच टाकायला लावला.

आवाजाची सरासरी सव्वादोनच्या आसपास आली. मला हायसं वाटलं, एक मुद्दा कमी म्हणजे एक कृती-आराखडा कमी. पण फायलीत लावताना चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या आणि हात थांबला. भिंतीपलीकडे पॅकिंगला बसणाऱ्या बायकांनी आवाजाला चार दिले होते. प्रेसला खेटून उभे राहणाऱ्यांनी एक. हे उलटं कसं? आणि मग जेवणाचा विनोद आठवला, आणि माझी मलाच लाज वाटली. ज्यांचे कान गेलेत त्यांना आवाजाचा त्रास कुठून होणार?

खरेदीदाराच्या पुस्तिकेत हे लिहिलेलंच होतं, मी त्या पानाकडे कानाडोळा केला होता. नुसत्या मतांवर जाऊ नका, नोंदी तपासा. माणसाचं नुकसान मोजताना ते किती खोल आहे, किती जणांचं आहे आणि भरून येण्यासारखं आहे का, ते पाहा. जे भरून येत नाही ते थोड्याच माणसांचं असलं तरी वर घ्या. गेल्या वर्षीच्या मोजणीचा कागद फायलीत होता. आठ तासांना पंच्याऐंशी डेसिबलच्या वर गेलं की काळजी घ्यायची, आमच्या प्रेसपाशी सत्त्याण्णव. कानावर लावायचे मफ खिळ्यांवर लटकत होते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही न काढलेले. मी नुकसानाला पाच टाकले, शक्यतेला पाच टाकले. आवाज यादीत पहिला आला.

मालकांनी कागद दोनदा वाचला. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुढचा प्रश्न वाचलास? उपाय काय, कधीपर्यंत. म्हणजे सगळ्यांच्या कानांची तपासणी आली. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला मी प्रेसवर कसा ठेवू? उद्या मागून कोणी हाक मारली आणि याचा हात आत असला तर?" मग म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तू ठरव." असं म्हणून त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं आणि ते बँकेत गेले.

बाबांना प्रेसवरून उतरवणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. बत्तीस वर्षं त्यांनी त्या मशिनांचे लाड केले. पत्रा कापणारी डाय बोथट झाली की आवाजावरून ओळखतात, अशी त्यांची ख्याती. पॅकिंगला बसून खोकी चिकटवायची म्हणजे त्यांच्या लेखी मेल्यात जमा.

संध्याकाळी घरी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, तो कान जरा बरा आहे. सगळं सांगितलं. टीव्ही बंद करून, तोंड जवळ नेऊन, दोनदा.

"लिहू नकोस," ते म्हणाले.

मी विचारलं, डाय बोथट झालेली कशी ओळखता मग?

"हाताने. मशिनच्या अंगावर तळवा ठेवला की कळतं. सहा वर्षं झाली." स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले, "आईला सांगू नकोस."

आई सहा वर्षं म्हणत आली होती की या माणसाला माझ्याशी दोन शब्द बोलायचा कंटाळा आहे. आणि तिचं ते बोलणं त्यांनी, कान गेल्याचं न सांगता, तसंच अंगावर घेतलं होतं. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

मी म्हटलं, "चार नंबरच्या प्रेसवरचा पोरगा सव्वीस वर्षांचा आहे, बाबा. तोही एकच गुण देतोय."

त्यांनी टीव्ही पुन्हा लावला. माझं ऐकू आलं की नाही, ते मला कळलं नाही. दुसऱ्या वेळी सांगायचं माझ्या जिवावर आलं. सकाळी जाऊन मी प्रश्नावली पाठवून दिली, आवाज पहिला ठेवून.

तपासणी सोमवारी ठेवली, कारण रविवारच्या सुट्टीने कानांना विसावा मिळालेला असतो. कानतपासणीची गाडी आली. आत काचेची खिडकी असलेली छोटी बंद खोली होती. कानावर हेडफोन, हातात बटण, सूर ऐकू आला की दाबायचं. चार नंबरवाला सर्वांत आधी गेला. तंत्रज्ञ बाईंनी त्याचा कागद पाहून त्याला सांगितलं, सुरुवात झालीय, मफ घातलेस तर इथेच थांबेल. बाहेर येऊन त्याने मफची पिशवी फाडलेली मी पाहिली.

मग बाबा. ते पटापट बटण दाबायला लागले. एकही चुकेना. माझ्या मनात वेडी आशा आली. बाईंनी जरा वेळ पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. बाबा काचेतून त्यांच्या बोटांकडे बघत होते. त्या काही रागावल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि दार लावून घेतलं.

बाबांची पाठ तेवढी मला दिसत होती, आणि बटणावर तयार ठेवलेला अंगठा. बाईंनी एक कळ दाबली. मग दुसरी. आवाज वाढवत नेला. उजवा कान झाला, डावा सुरू झाला, कागदावर खुणा खाली खाली, म्हणजे वाईटाकडे, जात राहिल्या. उजव्याला अंगठा अधूनमधून हलला, डाव्याला बराच वेळ हललाच नाही.

शेवटी बाबांनी न वळताच, मोठ्याने, जरा वैतागून विचारलं, "अहो, डावा सुरू करा की आता."